सयाजीबागेतील संग्रहालयात मराठी फेरी: आपले अनुभव लिहावेत

धागाकर्ती (स्वयंसेविका, बडोदा)

बडोदा संग्रहालय व चित्रदालनाच्या संचालकांना पाठवायच्या पत्राचा मुख्य भाग येथे देत आहे. अशा फेरीचा अनुभव असल्यास, किंवा हरकत असल्यास, अवश्य लिहावे.

‘महोदय, येथे वाढलेल्या अनेक मराठी कुटुंबांत घरी मराठी बोलली जाते, पण शिक्षण गुजराती किंवा इंग्रजीतून झालेले असते, त्यांना मराठी पाट्यांपेक्षा मराठीत बोलणारा माणूस अधिक उपयोगी पडेल. प्रारंभी केवळ अकोट्याच्या जैन धातुमूर्तींची, रविवारी सकाळी, पाऊण तासाची फेरी घ्यावी. १९५१ साली सापडलेल्या या मूर्ती आकाराने लहान असल्याने एका वेळी बाराच माणसे असावीत. जीवंतस्वामींचा मुकुट पाहून बरेच जण “कोणी राजा असावा” म्हणत पुढे सरकतात. मार्गदर्शकाने तेथे नाव सांगण्याआधी सरळ खाली सोडलेले हात पाहायला सांगावेत. ती कायोत्सर्गाची मुद्रा आहे: वेश राजपुत्राचा आणि उभे राहणे तपस्व्याचे, कारण दीक्षा घेण्यापूर्वीच ध्यानस्थ झालेले हे महावीर आहेत.’

रावपुऱ्याचे एक वाचक

प्रस्ताव उत्तम आहे, परंतु मराठी माणूस रविवर्म्यासाठी येईल. सयाजीरावांनी त्याच्याकडून करवून घेतलेल्या पौराणिक चित्रांपासूनच फेरी सुरू करावी.

निवृत्त कलाशिक्षिका

सयाजीरावांनी ती चित्रे करवून घेतली हे खरेच, पण ती पाहायला राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात जावे लागते. सयाजीबागेच्या पत्रात त्यांचा उल्लेख आला, तर प्रस्ताव तेथेच अडेल.

मी विद्यार्थ्यांना मूर्ती दाखवत असे, त्यावरून एक सांगते. इंग्रजी माहितीपत्रक मराठीत पाठ करून बोलणारा मार्गदर्शक पहिल्या दोन मूर्तींपाशीच थकवतो. ऐकणाऱ्यांचे डोळे मूर्तीवरून उठून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे लागले, की बोलणे लांबले असे समजावे आणि तिथेच थांबून त्यांना काय दिसते ते विचारावे.

मांजलपूरहून

माझ्या आईला मराठी फेरी नक्कीच आवडेल, पण तिला दहा मिनिटांपेक्षा जास्त उभे राहवत नाही. घडीच्या खुर्च्या दालनात नेऊ देतील का, हेही पत्रात विचारावे. शिवाय आमच्याकडील मुले इजिप्तची ममी पाहिल्याशिवाय दुसरे काही ऐकूनच घेत नाहीत; ती त्यांना आधी दाखवून मग अकोट्याकडे वळावे.

दांडिया बाजारातून

आमची सून गुजराती आहे. संपूर्ण फेरी मराठीत झाली, तर ती आमच्यासोबत येऊनही बाहेरचीच राहील.

धागाकर्ती

खुर्च्यांची विनंती जोडते, आणि ममी फेरीच्या आधी पाहून घ्यावी अशी सूचनाही देते. मिश्र कुटुंबांसाठी प्रत्येक मूर्तीपाशी दोन वाक्ये गुजरातीत सांगता येतील, परंतु त्यामुळे पाऊण तासात दोन-तीन मूर्ती वगळाव्या लागतील. मूर्ती वगळाव्यात की वेळ वाढवावा, हे माझे अजून ठरलेले नाही. दोन्ही पर्याय संचालकांपुढे ठेवते.