मदत हवी आहे: माझ्या कथेतल्या दोन प्रोग्रॅमरपैकी बरोबर कोण?

शाईपेन
दिवाळी अंकासाठी छोटी कथा लिहितेय, पण प्रोग्रॅमिंगशी माझा संबंध शून्य. सोसायटीची निवडणूक आहे. आडनावांनुसार मतदारयादी लागते आणि काळे आजोबा आरडाओरडा करतात की माझं नावच गाळलंय. नाव असतं, पण ते शोधतात कासारांच्या खाली आणि ते बसलेलं असतं कावळ्यांच्याही वर. मग सोसायटीतले दोन प्रोग्रॅमर जुंपतात. सदानंद म्हणतो, "यादीच चुकीची भरली आहे, सॉर्ट चुकत नसतं." ऋजुता म्हणते, "यादी चोख आहे, तुझं सॉर्टच चुकलंय." असं खरंच होतं का? आणि जिंकवू कुणाला?

हलन्त
होतं की! सदानंदने बहुधा एवढंच केलं असेल:

```python
names = ["हिरे", "कासार", "खरे", "काळे", "क्षीरसागर", "कावळे"]
sorted(names)
```

उत्तर येतं: काळे, कावळे, कासार, क्षीरसागर, खरे, हिरे. इथे अक्षरं नाही, त्यांचे क्रमांक ताडून पाहिले जातात. युनिकोडमध्ये ळ हा `U+0933`, म्हणजे ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी. आजोबा शाळेत शिकले 'स, ह, ळ, क्ष, ज्ञ', म्हणून ते कासारांच्या खाली शोधणारच. क्ष ला तर स्वतःचा क्रमांकच नाही. तो क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, म्हणून क्षीरसागर क च्या शेवटी अडकतात.

ऋजुताने मराठीचा क्रम मागितला की:

```python
import icu
c = icu.Collator.createInstance(icu.Locale("mr"))
sorted(names, key=c.getSortKey)
```

कावळे, कासार, काळे, खरे, हिरे, क्षीरसागर. आजोबा खूश. तेव्हा इथवर ऋजुता बरोबर.

शून्यापासून
एवढं कशाला? आधी सगळी नावं NFC करून घ्या, मग साधं sorted सुद्धा चालतं. युनिकोडचे निम्मे घोळ तिथेच संपतात.

हलन्त
हा घोळ त्या निम्म्यात नाही. NFC एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलं असेल तर ते एकसारखं करतं. ऱ च्या बाबतीत उपयोग होतो. काळे मात्र आधीपासून एकाच प्रकारे लिहिलेलं आहे. NFC आधी आणि नंतर `sorted` चालवून बघा, ळ जागचा हलणार नाही.

वसईकर
आमच्या चर्चच्या यादीत हेच झालं होतं. निम्मे ॲन्थनी अ च्या शेवटी, निम्मे थेट ह च्याही खाली. फाँटचा दोष असणार, पण फाँट बदलूनही फरक पडला नाही. शाईपेन, कथेत फाँट घाला.

हलन्त
वसईकर, तुमचं प्रकरण वेगळं आहे आणि कथेला जास्त उपयोगी आहे. फाँट निर्दोष. कुणी ॲ एका कळीने टाइप केला, तो `U+0972`, ह च्याही पुढचा. कुणी अ टाइप करून वर ॅ दिला, ते `U+0905 U+0945`, म्हणून तो अ मध्येच राहिला. दिसायला तंतोतंत सारखे. आणि शून्यापासून, या जोडीला NFC सुद्धा एक करत नाही. बहुतेक एडिटरमध्ये अक्षरामागे कर्सर ठेवून एकदा बॅकस्पेस दाबा: नुसता चंद्र गेला तर दुसरा प्रकार, अख्खं अक्षर गेलं तर पहिला. इथे यादीच दुरुस्त करावी लागते, शोधा आणि बदला. म्हणजे इथे सदानंद जिंकतो.

शाईपेन
अरे वा! मग सोसायटीत एक ॲन्थनी कुटुंब घालते, बापलेकांनी फॉर्म वेगवेगळ्या फोनवरून भरलेला. दोघंही अर्धे जिंकतील.

पोथीनिष्ठ
ऋजुताला इतकं सोपं देऊ नका. आपट्यांचा संस्कृत कोश उघडा, क्ष तिथे क मध्येच आहे. सदानंद संस्कृतवाला असेल तर क्षीरसागरांपुरता तो मुळीच चुकलेला नाही. क्रम कुठला हवा ते सोसायटीने आधी ठरवलं होतं का?

हलन्त
क्ष पुरतं मान्य. ळ बाबत मात्र संस्कृत कोश मदतीला येणार नाही, आणि यादी मराठी माणसांची आहे.

शाईपेन
शेवटचं विचारते. कंक हे आडनाव कदमच्या आधी की नंतर? बाराखडीत कं तर कौ च्या नंतर येतो ना?

हलन्त
दोन्ही प्रोग्रॅम आधीच ठेवतात. अनुस्वार दोघांकडे व्यंजनांच्या आधीचा.

पोथीनिष्ठ
बाराखडी पाठ केलेले आजोबा ते ऐकून घेणार नाहीत. माझ्या मते कौ नंतरच हवा.

हलन्त
मग कंक कोल्ह्यांच्या खाली जातील आणि त्यांची तक्रार येईल.

वसईकर
बॅकस्पेस दाबून पाहिला. एकात नुसता चंद्र गेला! यादीत शे-दीडशे नावं आहेत, सगळी एकदम कशी बदलू? एक्सेलमध्ये आहे.