मदत हवी आहे: फॉर्मवर ६५ टक्के बाळं 'फक्त अंगावर', घरात मात्र गुटीची सहाण

सायली_चेंबूर

नमस्कार. एका संस्थेसाठी मी गोवंडीत घरोघरी जाऊन माहिती गोळा करते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना काय पाजतात, हा विषय आहे. आतापर्यंत ४० बाळं झाली.

फॉर्ममध्ये एकाच दिवसाचं विचारायचं असतं: कालच्या दिवसात आणि रात्रीत बाळाच्या पोटात काय काय गेलं? अंगावरच्या दुधाशिवाय काहीच गेलं नसेल तर 'फक्त स्तनपान'वर टिक. अशी २६ बाळं निघाली, म्हणजे ६५ टक्के. आमच्या ताई खूश आहेत, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशाचा आकडा ६३.७ आला होता.

पण फॉर्म बंद केल्यावर मी थोडा वेळ बसते, बोलते. तेव्हा 'जन्मल्यापासून एकदाही दुसरं काही दिलं नाही' असं सांगणाऱ्या फक्त १७ जणी निघाल्या. एका घरात चार महिन्यांच्या मुलीला रविवारी आणि गुरुवारी गुटी असते. मी गेले मंगळवारी. काल म्हणजे सोमवार, त्यामुळे टिक झाली. हे मला खोटं वाटतंय. मी चुकीचं विचारतेय का?

आणि दुसरं. त्याच घरातल्या आजींनी विचारलं, "या उकाड्यात चमचाभर उकळलेलं पाणी दिलं तर काय बिघडतं?" मी 'डॉक्टर नको म्हणतात' एवढंच बोलले. त्यांना पटेल असं उत्तर मला देता आलं नाही, याचं वाईट वाटतंय.

दादरची_मावशी

सायली, तू करतेस ते काम चांगलं आहे, पण आजींना एकदम चूक ठरवू नकोस. माझी मुलगी १९८६ ची. तेव्हा आमच्याच डॉक्टरांनी चौथा संपला की भाताची पेज सुरू करा म्हणून सांगितलं होतं. गुटीही दिली, पाणीही दिलं. पाणी उकळून गार केलेलं असेल तर जंतू मरतात, मग अडचण कुठे राहते? हे सहा महिन्यांचं कधी आलं?

वरळीचा_वाटसरू

मावशी, तुमच्या डॉक्टरांनी त्या काळाला धरूनच सांगितलं होतं. तेव्हा 'चार ते सहा महिने' असंच म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेनं पुरे सहा महिने ही शिफारस २००१ साली केली.

सायली, मी बरीच वर्षं जनआरोग्य शिकवलं आणि असे फॉर्म विद्यार्थ्यांकडून भरून घेतले. तू चुकीचं विचारत नाहीस. ६५ या आकड्याचा अर्थ मात्र चुकीचा लावला जातोय. '६५ टक्के बाळांना सहा महिने फक्त अंगावर पाजलं' असा तो नाही. आज शून्य ते पाच पूर्ण महिन्यांची जी बाळं वस्तीत आहेत, त्यांतल्या इतक्यांना काल दुसरं काही मिळालं नाही, एवढाच तो आहे. त्यात दहा दिवसांचं बाळही येतं. त्याला अजून पाणी द्यायची वेळच आलेली नसते, आणि ते आकडा वर नेतं. तुझी ४० बाळं वयाप्रमाणे वेगळी करून बघ.

मग एकाच दिवसाचं का विचारतात? कारण 'जन्मल्यापासून कधी दिलं का' याचं उत्तर पाच महिन्यांच्या बाळाची आई आठवून देते, आणि आठवण फसते. कालचं बरंचसं नीट आठवतं. शिवाय सगळीकडे एकच दिवस धरला की दोन वस्त्या, दोन वर्षं शेजारी ठेवता येतात. किंमत अशी की रविवार-गुरुवारची गुटी निसटते. म्हणून हा आकडा नेहमी थोडा फुगलेलाच असतो, हे गृहीत धरायचं.

आता विचारण्याबद्दल. 'बाहेरचं काही देता का' असं कधी विचारू नकोस. आपल्याकडे बाहेरचं किंवा वरचं म्हणजे गाईचं, पिशवीचं, डब्याचं दूध. पाणी आणि गुटी त्यात कुणी धरतच नाही. एकेक नाव घे: पाणी, साखरपाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर, चहा, बिस्किट. आणि बाळाला अंघोळ कोण घालतं तेही विचार. मालिशवाली बाई अंघोळीनंतर चमचाभर काही पाजून जाते, आईला पत्ता नसतो.

अनुजा_ठाणे

हे वाचून फार अस्वस्थ झाले. माझं बाळ ३४ व्या आठवड्यात झालं, अतिदक्षता विभागात होतं, आणि पहिले दोन दिवस डब्याचं दूध दिलं. मला कुणी विचारलंही नव्हतं. आता तो अडीच महिन्यांचा आहे, पूर्ण अंगावर आहे. मी कामाला गेले की काढून ठेवलेलं दूध आई वाटी-चमच्यानं देते. म्हणजे माझ्या बाळाचं 'फक्त स्तनपान' कायमचं गेलं का? व्हिटॅमिन डीचे थेंब रोज देते, तेही चालत नाहीत का?

वरळीचा_वाटसरू

अनुजा, काहीही गेलेलं नाही. सायलीच्या फॉर्मवर आज तुझ्या बाळापुढे टिकच होईल. काढून दिलेलं दूध अंगावरचंच धरतात, दुग्धपेढीतलं दुसऱ्या आईचं दूधही. आपल्या सायनच्या रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली दुग्धपेढी सुरू केली, ती अशाच बाळांसाठी. थेंब, डॉक्टरांनी दिलेलं औषध, जुलाबात ओआरएस, हे सगळं चालतं. पहिल्या दोन दिवसांत काय दिलं याचा वेगळा निर्देशक आहे. तो रुग्णालय कसं वागलं हे सांगतो. आईवर ठपका ठेवायला तो नाही.

आता आजींचा प्रश्न. दादरच्या मावशींचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: उकळलेल्या पाण्यात जंतू नसतात. पण सायली, त्या घरात पाणी किती तास येतं, आणि उरलेला दिवस कुठून घेतात?

सायली_चेंबूर

सकाळी दोन-अडीच तास. बाकी ड्रममधून. बाळासाठी वेगळं उकळतात, पण सकाळचं भांडं संध्याकाळपर्यंत तेच असतं. गुटी मात्र सहाणेवर ड्रमच्याच पाण्यात उगाळतात. वेखंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, एकेक वेढा.

वरळीचा_वाटसरू

म्हणजे पाणी उकळलं तरी चमचा, वाटी, सहाण आणि हात उकळलेले नसतात. हा पहिला भाग. पण समजा सगळं निर्जंतुक आहे, तरी तोटा होतोच, आणि आजींना हाच भाग सांग. चार महिन्यांच्या बाळाचं पोट लहान. त्यात पाणी गेलं की तेवढं दूध कमी पितं, आणि कमी ओढलं की आईला दूध कमी येतं. दोन आठवड्यांनी तीच आजी म्हणते, 'हिला दूध पुरत नाही', आणि वरचं दूध सुरू होतं. तहानेचं म्हणशील तर अंगावरच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असतं. उकाडा वाढला की बाळ जास्त वेळा ओढतं, तेव्हा पाजायचं. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय आणि ती फिकट आहे, तर पाणी पुरतंय. हे आजींना लंगोटांवरून स्वतः मोजता येईल.

तिसरी गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. आई त्याच गल्लीतलं पाणी पिते, त्याच हवेत श्वास घेते. तिच्या आतड्याला तिथले जंतू भेटले की त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या पेशी स्तनांपर्यंत जातात आणि त्या जंतूंची प्रतिपिंडं दुधात उतरतात. बाळाच्या आतड्याला आतून त्यांचा थर मिळतो. म्हणजे गोवंडीतल्या आईचं दूध गोवंडीतल्या जंतूंसाठीच बनलेलं असतं. ढाक्याच्या झोपडपट्ट्यांतला एक अभ्यास २००१ मध्ये आला. पहिल्या काही महिन्यांत फक्त अंगावर असलेल्या बाळांच्या तुलनेत अर्धवट किंवा अजिबात अंगावर नसलेल्या बाळांत जुलाबानं मरण्याचा धोका जवळपास चौपट होता, श्वसनाच्या आजारानं मरण्याचा अडीचपटीच्या आसपास.

आकडेमोड

ढाक्याच्या आकड्यावर एक शंका. आजारी बाळ नीट ओढत नाही, म्हणून त्याला वरचं देतात, आणि मग ते दगावतं. अशा वेळी वरचं दूध हे कारण ठरतं की आजाराचा परिणाम? शिवाय सायलीची ४० बाळं फार थोडी आहेत. वयाचे तीन गट केले तर प्रत्येक गटात १२-१५ उरतील. तीन बाळं इकडची तिकडे झाली की टक्केवारी २०-२५ नं हलेल.

वरळीचा_वाटसरू

शंका रास्त आहे, आणि अशा अभ्यासांत ती पूर्ण कधीच जात नाही. म्हणून मी हरियाणातल्या गावांचा प्रयोग सोबत ठेवतो, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडून काहींत अंगणवाडी आणि आरोग्य सेविकांमार्फत आयांशी बोलणं वाढवलं. त्या गावांत तिसऱ्या महिन्याला फक्त अंगावर असलेली बाळं खूप जास्त होती आणि जुलाब कमी. वजन आणि उंची मात्र दोन्हीकडे सारखीच. 'नुसत्या दुधावर बाळ सुकतं' या भीतीला हे उत्तर आहे. मृत्यूबद्दल त्या प्रयोगातून काही सांगता येत नाही, तेवढा तो मोठा नव्हता.

सायली_चेंबूर

काका, वेगळं करून पाहिलं. पहिल्या दोन महिन्यांतली १५ बाळं, त्यांत १३ फक्त अंगावर. पुढच्या दोन महिन्यांतली १४, त्यांत ९. चार पूर्ण ते सहाच्या आतली ११, त्यांत फक्त ४. ताईंना दाखवलं, त्या बराच वेळ गप्प होत्या. आकडेमोड, ११ म्हणजे फार थोडी हे मान्य, म्हणून अहवालात टक्के न लिहिता '११ पैकी ४' असंच लिहिणार आहे.

वयात माझीच एक चूक सापडली. 'सहावा लागला' असं आई म्हणाली की मी सहा लिहीत होते. सहावा लागला म्हणजे पाचच पूर्ण. अशी दोन बाळं मी गट करताना बाहेर ठेवली होती, ती आता जन्मतारखेवरून आत घेऊन वरचे आकडे काढलेत.

यातूनच अडचण आली. ज्या घरात गुटी आहे तिथे मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात ठरलंय, कारण मुलीचं विषम महिन्यात करतात. म्हणजे चार पूर्ण झाल्यावर लगेच खीर.

दादरची_मावशी

अगं, विषम तर सातवाही आहे! सहा पूर्ण झाले की सातवा लागतो. आजींना सांग, शास्त्र मोडत नाही आणि तुझ्या फॉर्मचंही राहतं. माझ्या नातीचं सातव्यातच केलं. आणि मुलाचं सहाव्यात ठरवलं असेल तर आठव्यात करा म्हणावं, पण घरचं मऊ जेवण सातवा लागला की सुरू करायचं, आठव्यापर्यंत थांबायचं नाही.

वरळीचा_वाटसरू

मावशी, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही. आणि शेवटचं तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. सहा ते आठ पूर्ण महिन्यांच्या बाळांसाठी काल काही घन किंवा मऊ अन्न मिळालं का, हा वेगळा निर्देशक आहे. उष्टावणाला चमचाभर खीर आणि मग महिनाभर पुन्हा नुसतं दूध, अशी बाळं तिथे सापडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वयात दिवसातून निदान दोनदा खायला हवं.

सायली_चेंबूर

मावशी, बुधवारी जातेय, सातव्याचंच सांगते. एक राहिलं: आजी म्हणतात गुटी हे औषधच आहे, आणि औषध चालतं असं तुम्हीच लिहिलंय. मग तिथे टिक का नाही?

वरळीचा_वाटसरू

व्याख्येतलं औषध म्हणजे थेंब किंवा सिरप. चालीरीतीचे द्रव त्यात धरत नाहीत, म्हणून गुटीला टिक नाही. ग्राइप वॉटरवरून मात्र आमच्या विभागात दरवर्षी वाद व्हायचा.

आकडेमोड

मी ते औषधात धरलं नसतं. दुकानातून आई स्वतः आणते, कुणी लिहून दिलेलं नसतं.

अनुजा_ठाणे

मला तर लिहून दिलं होतं.