मदत हवी आहे: स्टीमवरची स्किन विकताना ट्रेड ऑफर आपोआप रद्द झाली

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. धाकट्या भावाला काउंटर-स्ट्राइक 2 मधली एक स्किन विकायची आहे. स्टीमच्या बाजारात खरेदीदाराने 1150 रुपये मोजले की विकणाऱ्याला 1000 मिळतात, आणि तेही वॉलेटमध्येच अडकतात. बँकेत काढता येत नाहीत. म्हणून त्याने बाहेरच्या साइटवर लावली.

काल तिथल्या खरेदीदाराला ऑफर पाठवली, ती लगेच रद्द झाली. पाठोपाठ तेच नाव, तोच फोटो असलेल्या खात्याकडे दुसरी ऑफर तयार! मोबाइलवर मंजुरी देण्याआधी बघितलं तर खात्याची लेव्हल आणि सुरुवातीची तारीख वेगळीच. मंजुरी दिली नाही, स्किन वाचली. मग steamcommunity.com/dev/apikey उघडलं, तर आम्ही कधीच न बनवलेली एपीआय की तिथे होती. बहुतेक कुठल्यातरी नकली लॉगिन पानावरून खात्यात कुणीतरी घुसलंय.

ती की काढून टाकली, पासवर्ड बदलला, सगळीकडून लॉगआउट केलं. ट्रेड लिंकही बदलावी का? आणि ट्रेड झाल्यावर 7 दिवस तो उलटवता येतो, तेवढे दिवस साइट पैसे रोखून धरते. एक जण आज थेट यूपीआयने द्यायला तयार आहे. कुणी असं विकलंय का? नंतर काही अडचण आली का?