मदत हवी आहे: एलपीएममध्ये शक्यता 1.15 येतेय, लॉजिट लावू का?

घणसोलीकर
एमए इकॉनॉमिक्सच्या प्रोजेक्टसाठी घणसोली स्टेशनवर सकाळी 380 जणांना विचारलं, घरून रिक्षाने आलात की चालत, आणि घर किती लांब. रिक्षा 1, चालत 0. गाईड मॅडम म्हणाल्या साधं ओएलएस लाव, कोइफिशियंट सरळ वाचता येतो, आणि येतोही, एक किमी वाढलं की शक्यता 40 टक्के पॉइंट वाढते. पण हे बघा:

```
m1 <- lm(riksha ~ km, data = d)   # -0.05 + 0.40*km
range(fitted(m1))                 # -0.01  1.15
```

3 किमीवाल्याची शक्यता 115 टक्के, व्हायव्हात काय सांगू? असे 21 जण बाहेर गेलेत. लॉजिटमध्ये -3 आणि 2.4 आले, पण त्या 2.4 चा अर्थ मला मांडता येत नाहीये.

ऐरोली_सेक्टर
1 च्या वरचे 1 कर, खालचे 0 कर, संपलं. नाहीतर सरळ लॉजिट, एलपीएम चूकच आहे.

घोडबंदरवाली
आम्ही कर्ज बुडणार का ते काढतो, तिथे 1.15 आलं तरी चालतं कारण यादीत कोण वर ते फक्त लागतं. तुझंही तसंच ना?

खाडीपलीकडचा
नाही ताई, त्याला अंतराचा परिणाम हवाय. क्लिप केलंस तर आकडे बरे दिसतील, रेषा तीच वाकडी राहील. 2.4 तसाच वाचू नकोस, त्यातून शक्यता काढ. अर्ध्या किमीवर 0.14, एक किमीवर 0.35, म्हणजे 21 पॉइंटची वाढ. दोनवर 0.86, अडीचवर 0.95, म्हणजे फक्त 9-10. एलपीएम दोन्हीकडे 20 च सांगतं. लांबचे लोक आधीच रिक्षात बसलेत, अजून अर्धा किमी लांब गेले तर आणखी किती बसणार? तुझं 1.15 तिथूनच आलंय. सगळ्यांचा मिळून सरासरी परिणाम हवा असेल तर लॉजिटचा सरासरी मार्जिनल इफेक्ट काढ, बहुतेक 0.40 च्या आसपासच येईल, मग मॅडमचं म्हणणंही टिकतं. एलपीएम ठेवलंस तर स्टँडर्ड एरर रोबस्टच घे, कारण व्हेरियन्स p(1-p) आहे, प्रत्येक अंतराला वेगळा. आणि वेटेड करायला जाऊ नकोस, 1.15 ला तो निगेटिव्ह निघतो. अजून एक उपाय, अंतराचे अर्ध्या किमीचे गट करून डमी टाक, मग फिटेड व्हॅल्यू म्हणजे त्या गटातलं रिक्षावाल्यांचं प्रमाण, बाहेर जायचा प्रश्नच नाही.

घणसोलीकर
गट केले दादा, सगळे 0 ते 1 मध्ये बसले. पण अडीच किमीपुढचे 22 जण सगळेच रिक्षावाले निघाले, एलपीएम तिथे नीट 1 देतंय आणि लॉजिटचा कोइफिशियंट 19, स्टँडर्ड एरर हजारांत?

खाडीपलीकडचा
सेपरेशन म्हणतात त्याला. त्या गटात चालणारा एकही नाही म्हणून लॉजिट अनंताकडे पळतंय. किमी सलग ठेवलंस तर येणार नाही, किंवा तो गट आधीच्यात मिसळ.

ऐरोली_सेक्टर
मिसळलं तर 2 आणि 3 किमी एकच धरल्यासारखं नाही का होत?

घणसोलीकर
तेच मलाही खटकतंय. गुरुवारी मॅडमना दोन्ही टेबल दाखवतो.