मदत हवी आहे: रात्रीच्या जॉबला लागणारा वेळ हळूहळू वाढतो आहे, तो पुढच्या रनवर चढण्याआधी कसे ओळखावे?

संग्रहपाल:
नमस्कार. आमच्या फाइलसंग्रहातील प्रत्येक फाइलचा चेकसम पुन्हा काढून नोंदीशी ताडून पाहणारा एक जॉब रोज रात्री 11 वाजता क्रॉनमधून सुरू होतो. तो पूर्वी दुसऱ्या दिवशी दुपारी संपत असे. आता तो संध्याकाळी 7 पर्यंत चालतो, आणि हे मला योगायोगाने लॉग पाहताना कळले. जॉब एकदाही अयशस्वी झालेला नसल्यामुळे कोणतीही सूचना आली नाही. वास्तविक, मी एक अलर्ट लावून ठेवला होता: मागील 7 रात्रींच्या सरासरीपेक्षा 30 टक्के जास्त वेळ लागला तर कळवावे. तो गेल्या वर्षभरात फक्त दोनदा वाजला, आणि दोन्ही वेळा कारण तात्पुरते होते.

साप्ताहिक मध्यक मिनिटांत असे आहेत: 1090, 1106, 1117, 1136, 1151, 1168, 1191, 1209. दोन रन एकाच वेळी चालू लागले, तर दोन्ही एकाच डिस्कवरून वाचतील आणि दोन्ही मंदावतील. मग तिसराही त्यांच्यावर येऊन आदळेल, अशी मला भीती वाटते. अलर्ट का वाजला नाही, आणि माझ्या हातात नेमका किती काळ आहे, हे कसे काढावे?

कुलूपकिल्ली:
यात काळजीचे फारसे कारण नाही. जॉब `flock -n` मधून चालवा, म्हणजे आधीचा रन संपला नसेल तर नवा सुरूच होणार नाही. आमच्याकडे अनेक वर्षे असेच चालू आहे आणि दोन रन एकत्र आल्याचे मी कधी पाहिलेले नाही.

वेळनोंद:
कुलूप लावाच, परंतु त्याने प्रश्न सुटत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. ज्या रात्री आधीचा रन 11 वाजून 5 मिनिटांनी संपेल, त्या रात्रीचा नवा रन मुकाट्याने वगळला जाईल आणि तपासणी एक दिवसाआड होऊ लागेल. systemd चा टाइमर वापरला तरी हेच घडते: सर्व्हिस अजून चालू असेल तर टाइमर तिला पुन्हा सुरू करत नाही, आणि ही काही चूक आहे असे तो मानत नाही. म्हणून वगळलेल्या रनचीही नोंद व्हायला हवी. मी साधारण असे लिहितो:

```bash
S=$(date +%s)
echo "START $S" >> verify.log
flock -n -E 75 verify.lock ./verify.sh
RC=$?
E=$(date +%s)
echo "END $S $((E-S)) $RC" >> verify.log
```

येथे 75 म्हणजे कुलूप मिळाले नाही. अशा नोंदी मध्यक काढताना बाजूला काढाव्या लागतात, नाही तर त्यांचे शून्य सेकंद आकडेवारीत मिसळतात आणि जॉब वेगवान झाल्याचा भास होतो. सुरुवातीची ओळ वेगळी लिहिण्याचे कारण असे की सर्व्हर मध्येच बंद पडला तर शेवटची ओळ कधीच येत नाही. केवळ शेवटी नोंद करणाऱ्यांना तो रन झालाच नाही असे वाटते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. आपला अलर्ट वाजला नाही, कारण तो ज्या सरासरीशी तुलना करतो ती सरासरीही जॉबच्या बरोबरीने वर सरकत होती. आपल्याकडे आठवड्याला दीड टक्क्याच्या आसपास वाढ आहे. एवढ्या संथ वाढीत मागील 7 रात्रींपेक्षा 30 टक्के फरक कधीच पडणार नाही, मग एकूण वेळ दुप्पट का होईना. असा अलर्ट अचानक आलेली उडी पकडतो. संथ वाढीसाठी तुलना न हलणाऱ्या मर्यादेशी करावी लागते, आणि आपली मर्यादा 1440 मिनिटे आहे.

आपल्या आकड्यांत 7 आठवड्यांत 119 मिनिटे वाढली, म्हणजे आठवड्याला 17. उरलेली 231 मिनिटे या गतीने साडेतेरा आठवडे पुरतील. मात्र पहिल्या तीन आठवड्यांची वाढ सरासरी 15 मिनिटे होती आणि शेवटच्या तीन आठवड्यांची 19 च्या वर आहे. एवढ्या थोड्या आकड्यांवरून गती नक्कीच वाढते आहे असे मी म्हणणार नाही, पण हिशेब 19 धरूनच करीन. मग 12 आठवडे उरतात. आता एक गोष्ट विचारतो, कारण उत्तर तिच्यावर अवलंबून आहे: सर्वांत वाईट रात्र मध्यकापेक्षा किती जास्त असते?

जुनासर्व्हर:
आमच्याकडेही असेच झाले होते. 40 मिनिटांचा अहवालाचा जॉब एका रात्रीत 3 तासांवर गेला. डेटाबेसने क्वेरीची योजना बदलली होती. आकडेवारी ताजी केल्यावर तो पूर्ववत झाला. आपणही तेच करून पाहा.

संग्रहपाल:
@जुनासर्व्हर, आपली अडचण एका रात्रीत आलेली होती, त्यामुळे ती माझ्या सध्याच्या अलर्टनेही पकडली असती. माझी वाढ कोणत्याही एका रात्री दिसत नाही. तरीही नोंदी डेटाबेसमध्येच असल्यामुळे ते तपासून पाहीन.

@वेळनोंद, बॅकअपही त्याच डिस्कवर चालतो, आणि ज्या रात्री पूर्ण बॅकअप असतो त्या रात्री जॉबला मध्यकापेक्षा सुमारे 160 मिनिटे जास्त लागतात. आठवड्यातून एकदा असे होते.

वेळनोंद:
मग 12 आठवडे हा आकडा विसरा. मध्यक 1280 मिनिटांवर पोहोचला की त्या आठवड्याची बॅकअपची रात्र 1440 ला टेकेल. 1209 पासून तेथपर्यंत 71 मिनिटे आहेत, आणि आठवड्याला 19 च्या गतीने त्यांना चार आठवडेही लागत नाहीत. पहिली धडक नेहमी वाईट रात्रीच होते. मध्यकावरून केवळ वाढीची गती काढावी, अंतर मात्र वाईट रात्रीपासून मोजावे. अलर्टही टक्क्यांवर न ठेवता उरलेल्या आठवड्यांवर ठेवा. दुरुस्तीला आपल्याला जितका काळ लागतो त्याच्या दुप्पट काळ उरला असताना तो वाजावा.

याशिवाय प्रत्येक रनच्या नोंदीत किती फाइल तपासल्या हेही लिहा. केवळ वेळेवरून संग्रह वाढला की काम मंदावले, हे कळत नाही.

संग्रहपाल:
फाइलींची संख्या जुन्या लॉगमध्ये सापडली. पहिल्या आठवड्यात 40 लाख होत्या, आता 41 लाख 20 हजार आहेत. म्हणजे फाइली 3 टक्के वाढल्या आणि वेळ जवळजवळ 11 टक्के वाढला. एक लाख फाइलींना पूर्वी 27 मिनिटे लागत असत, आता 29 लागतात. मी आजवर संग्रह वाढतो आहे म्हणून वेळ वाढतो असेच समजत होतो.

कुलूपकिल्ली:
याचा अर्थ डिस्क खराब होऊ लागली आहे. ती बदला.

वेळनोंद:
एवढ्यावरून डिस्कवर ठपका ठेवता येत नाही. चेकसमला लागणारा वेळ फाइलींच्या संख्येपेक्षा बाइट्सवर अवलंबून असतो. नव्या फाइली जुन्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या असतील, तर एकूण बाइट्सही 11 टक्क्यांच्या आसपास वाढलेले दिसतील आणि मग मंदावलेले काहीच नाही. बाइट्स कमी वाढले असतील, तर फाइल वाचणे आणि नोंदीशी ताडणे या दोन टप्प्यांचा वेळ वेगवेगळा मोजावा लागेल. ताडण्याचा टप्पा फुगत असेल, तर नोंदींच्या तक्त्यावर योग्य इंडेक्स आहे का ते पाहा. त्या बाबतीत @जुनासर्व्हर यांची सूचनाही उपयोगी पडू शकते.

संग्रहपाल:
जुन्या लॉगमध्ये बाइट्सची नोंद नाही, त्यामुळे मागचे सांगता येणार नाही. आज रात्रीपासून बाइट्स आणि दोन्ही टप्प्यांची वेळ लिहितो. पूर्ण बॅकअप दुसऱ्या डिस्कवरून घेण्याची परवानगी मागितली आहे. ती मिळाली तर वाईट रात्रीचे 160 मिनिटे कमी होतील, पण आठवड्याची 19 मिनिटांची वाढ तशीच राहील. तीन आठवड्यांचे आकडे जमले की येथेच लिहीन.

नवखा_प्रशासक:
माझा जॉब दर तासाला चालतो आणि त्याला 50 मिनिटे लागतात. त्याच्यासाठीही मध्यक आठवड्याचाच घ्यावा का, की दिवसाचा पुरेल?