मदत हवी आहे: पाकिटांच्या डिझाइनचं कोटेशन तासावर द्यावं की एकरकमी?

एका घरगुती मसालेवाल्यांच्या 6 पाकिटांचं डिझाइन करायचं आहे. मजकूर आणि फोटो ते देतील, छपाई माझ्याकडे नाही.

मागच्या अशाच कामाला 12,000 एकरकमी सांगितले होते. "जरा रंग बदलून बघू" करत करत 41 तास गेले, म्हणजे तासाला 300 सुद्धा सुटले नाहीत. त्यानंतर हिशेब मांडला: महिन्याला 40,000 हवेत, आणि फोन, मेल, वसुली वजा जाता बिल लावता येतील असे तास जेमतेम 80. म्हणजे 500 च्या खाली परवडत नाही.

या कामाला 45 तास धरलेत: 22,500. वर बदलांसाठी 4,500, एकूण 27,000. निम्मी रक्कम आगाऊ आणि दुरुस्तीच्या दोन फेऱ्या त्यांना मान्य आहेत. पण ते तासाचा दर विचारतायत. तो सांगितला की प्रत्येक तासावर घासाघीस होणार, शिवाय हात जलद चालला तर नुकसान माझंच!

तर दर न सांगता 27,000 चंच कोटेशन द्यावं का? आणि तिसऱ्या फेरीपासून तासाचे पैसे लावायचे, तर तो दर कोटेशनमध्ये आधीच कसा लिहिता?