कवळीच्या बेसचं ॲक्रिलिक: हीट क्युअर की कोल्ड क्युअर

> कोल्ड क्युअर कमी आकसतं, फिटही बरा येतो. मग हीट क्युअरचा खटाटोप कशाला?

फिटचं खरंच आहे. हीट क्युअर उष्णतेने घट्ट होतं, कोल्ड क्युअर खोलीच्या तापमानालाच. त्यामुळे हीट क्युअरमध्ये फ्लास्क, म्हणजे साच्याची धातूची पेटी, थंड होताना जे आकुंचन होतं, ते कोल्ड क्युअरमध्ये फारसं नसतं. पण मोनोमर, म्हणजे ॲक्रिलिकचा प्रक्रिया न झालेला द्रव, किती उरतो ते बघा: कोल्ड क्युअरमध्ये साधारण ३ ते ५ टक्के, नीट शिजवलेल्या हीट क्युअरमध्ये ०.२ ते ०.५. उरलेला मोनोमर प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या प्लॅस्टिसायझरसारखा वागतो, बेस लवचिक राहतो आणि ताणाखाली हळूहळू वाकतो, म्हणजे सुरुवातीचा चांगला फिट टिकेलच असं नाही. हिरड्यांची जळजळ वेगळीच.

अर्थात ‘नीट शिजवलेल्या’ हे महत्त्वाचं. दादरच्या एका लॅबमध्ये घाईची केस म्हणून फ्लास्क थेट उकळत्या पाण्यात सोडलेला पाहिलाय. खालची कवळी, जिभेकडची कड म्हणजे लिंग्वल फ्लँज चांगलीच जाड. ट्रिम करताना पातळ भाग स्वच्छ, पण जाड भागाच्या आत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. मोनोमर १००.८ अंशांना उकळतो. प्रक्रियेची स्वतःची उष्णता जाड भागातून बाहेर पडायला वेळ लागतो, त्यामुळे तापमान त्याच्यावर जातं. म्हणून आधी ७४ अंशांवर २ तास, मग १०० वर १ तास, आणि नंतर फ्लास्क बाकावरच निवू द्यायचा. कोल्ड क्युअरची छिद्रं मोनोमरमध्ये विरघळलेल्या हवेची, बारीक आणि सगळीकडे विखुरलेली असतात. व्हायवात नमुना हातात दिला तर आधी छिद्रं कुठे आहेत ते पाहा.